‘रीझनेबली प्रॅक्टिकेबल’ची व्याख्या पाठ आहे, पण उत्तरात युक्तिवाद कसा करायचा?

प्रश्न: सेफ्टी डिप्लोमाची तयारी करतोय, अभ्यासक्रम ब्रिटिश कायद्याचा आहे. ‘रीझनेबली प्रॅक्टिकेबल’ची व्याख्या तोंडपाठ आहे, एडवर्ड्‌सची केसही माहीत आहे. तरी सराव पेपरवर शेरा येतो: ‘नुसती व्याख्या, युक्तिवाद नाही.’ प्रश्नात एखादी परिस्थिती दिलेली असते तेव्हा नक्की काय लिहायचं? धोक्याचे आकडे हातात नसताना तो खर्चाच्या समोर तोलायचा कसा?

उत्तर:

मी हा विषय शिकवतो आणि सरावाचे पेपरही तपासतो. दहातल्या आठ उत्तरांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘म्हणजेच धोका आणि खर्च यांचा समतोल साधणे.’ तुमच्याही वहीत ते असेल तर आधी खोडा. कायदा समतोल मागत नाही. दोन्ही पारडी सारखी भरली, तर खर्च करावाच लागतो. खर्चाचं पारडं थोडं जड झालं, तरीही करावा लागतो. ते धोक्याच्या मानाने कमालीचं जड झालं, तरच मालकाची सुटका होते. याला ग्रॉस डिस्प्रपोर्शन म्हणतात. सगळा युक्तिवाद या ‘ग्रॉस’ शब्दाभोवती फिरतो, आणि व्याख्या पाठ करताना नेमका तोच शब्द गळतो.

पारड्यांची भाषा न्यायमूर्ती ॲस्क्विथ यांची आहे, १९४९ सालच्या एडवर्ड्‌स विरुद्ध नॅशनल कोल बोर्ड या खटल्यातली. केस माहीत आहे असं तुम्ही म्हणता, पण तिच्यातली हकीकत उत्तरात कशी वापरायची ते पाहू. कोळशाच्या खाणीतल्या ये-जा करण्याच्या एका वाटेवर बाजूची भिंत ढासळून एडवर्ड्‌स मरण पावले. त्या वाटेच्या बऱ्याच भागाला आधार दिलेला होता, पण जिथे भिंत पडली तिथे नव्हता. खडकात आत लपलेला दोष होता, वरून पाहून तो कळण्यासारखा नव्हता. खाणींतली एकूण एक वाट आधार देऊन बांधायची तर खर्च आवाक्याबाहेर जाईल, असा बोर्डाचा बचाव होता. अपील न्यायालयाने तो मानला नाही. प्रश्न सगळ्या वाटांचा नव्हताच. काही वाटांना आधाराची गरज नसते, काहींना असते, आणि कोणत्या वाटेला किती गरज आहे याचा हिशेब मालकाने मांडायला हवा होता. या वाटेपुरता तसा हिशेब मांडल्याचं बोर्डाला दाखवता आलं नाही.

ॲस्क्विथ यांच्या परिच्छेदात तीन गोष्टी आहेत आणि परीक्षेत तिन्हींची गरज पडते. पहिली म्हणजे एका पारड्यात धोक्याचं प्रमाण आणि दुसऱ्यात तो टाळण्यासाठी करावा लागणारा त्याग. त्यागात पैसा येतो, वेळ येतो आणि खटाटोपही येतो. दुसरी, दोन्हींत कमालीची तफावत असेल, म्हणजे त्यागाच्या मानाने धोका नगण्य असेल, तरच प्रतिवादी सुटतो, आणि ते त्यानेच दाखवायचं असतं. तिसरी गोष्ट विद्यार्थी जवळजवळ कधीच लिहीत नाहीत: हा हिशेब अपघाताच्या आधी मांडलेला असला पाहिजे. अपघातानंतर वकिलाच्या कचेरीत बसून केलेली बेरीज-वजाबाकी उशिराची असते. दिलेल्या परिस्थितीत कंपनीने जोखीम मूल्यांकन केलंच नसेल, किंवा केलं असेल पण हा विशिष्ट धोका त्यात आलाच नसेल, तर तिथेच थांबून एक परिच्छेद लिहा. तिथे तिसरी गोष्ट थेट लागू पडते.

ओझं मालकावर ही गोष्ट नुसती न्यायाधीशांची नाही, कायद्यातही आहे. हेल्थ अँड सेफ्टी ॲट वर्क ॲक्ट १९७४चं कलम ४० सांगतं, की प्रत्यक्षात जे केलं त्याहून अधिक करणं रीझनेबली प्रॅक्टिकेबल नव्हतं, हे आरोपीने सिद्ध करायचं. ‘प्रत्यक्षात जे केलं त्याहून अधिक’ हे शब्द लक्षात ठेवा, उत्तराची दिशा त्यांनीच ठरते. ‘कंपनीने बरंच काही केलं होतं’ हा बचाव होत नाही. पुढची एक पायरी का चढली नाही, हे सांगावं लागतं. २००८ सालच्या चार्गॉट खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्‌सने सरकार पक्षाचं काम किती सोपं आहे ते दाखवून दिलं. कामगार धोक्याला सामोरा गेला एवढं सिद्ध झालं, की चेंडू बचाव पक्षाकडे जातो. नेमकी कोणती चूक झाली, याचा तपशील सरकार पक्षाने सिद्ध करत बसण्याची गरज नाही. त्याच निकालात दुसऱ्या बाजूची एक मर्यादाही आहे: कायद्याला धोकाविरहित जग अभिप्रेत नाही. क्षुल्लक किंवा काल्पनिक धोक्यांसाठी हा कायदा नाही, खरा, दखल घेण्याजोगा धोका हवा.

कर्तव्याची भाषा कोणती, हे उत्तराच्या सुरुवातीलाच तपासा, कारण काही कर्तव्यांत तराजू लागतच नाही. यंत्रसामग्रीचे १९९८चे नियम, ज्यांना सगळे ‘प्यूवर’ म्हणतात, त्यातला पाचवा नियम साधनं सुस्थितीत ठेवायला सांगतो आणि त्यात ‘रीझनेबली प्रॅक्टिकेबल’ हे शब्दच नाहीत. तसल्याच शब्दरचनेच्या आधीच्या नियमावर २०००मध्ये स्टार्क विरुद्ध पोस्ट ऑफिस हा निकाल आला. पोस्टमनच्या सायकलचा ब्रेक तुटला, कितीही तपासणी केली असती तरी तो दोष सापडला नसता, आणि तरीही पोस्ट ऑफिस जबाबदार ठरलं. त्याच प्यूवरमधला अकरावा नियम यंत्राच्या धोकादायक भागांना आवरण घालताना ‘प्रॅक्टिकेबल’ म्हणतो, ‘रीझनेबली’ म्हणत नाही. तिथे तांत्रिकदृष्ट्या करता येतं का, एवढंच पाहायचं, खर्च किती याला महत्त्व नाही. पेपरात यंत्राच्या गार्डचा प्रश्न आला आणि तुम्ही एडवर्ड्‌सचा तराजू काढून बसलात, तर अर्धे गुण तिथेच गेले. हे फार वेळा घडतं.

आता दुसरी केस, मार्शल विरुद्ध गॉथम, १९५४, हाउस ऑफ लॉर्ड्‌स. हिच्याशिवाय एडवर्ड्‌स अर्धवट राहते, कारण इथे मालक जिंकला. जिप्समच्या खाणीत छत कोसळून कामगार मेला. कारण होतं खडकातला एक दुर्मीळ दोष, ज्याला स्लिकनसाइड म्हणतात. त्या खाणीत तो कित्येक वर्षांत दिसलेला नव्हता आणि नेहमीच्या तपासणीत कळण्यासारखा नव्हता. छताची तपासणी होत होती. टेकू दिले असते तरी छत पडलंच नसतं याची खात्री नव्हती. लॉर्ड्‌सनी मालकाला सोडलं. पण त्याच निकालात लॉर्ड रीड यांनी एक इशारा देऊन ठेवला आहे: माणसांचे जीव पणाला लागलेले असतात, म्हणून एखादी करता येण्याजोगी खबरदारी अवाजवी आहे असं सहजासहजी म्हणू नये.

दोन्ही केसेसमध्ये खडकाचा दोष लपलेला होता आणि दोन्हींत माणूस गेला. मग निकाल उलटे का? उत्तरात हा फरक दोन वाक्यांत सांगता आला, तर परीक्षकाला कळतं की केस फक्त नावापुरती पाठ केलेली नाही. एडवर्ड्‌समध्ये वाट ढासळणं हा खाणीतला ओळखीचा धोका होता, उपाय ओळखीचा होता आणि त्याच वाटेवर तो अर्धामुर्धा वापरलेलाही होता. मार्शलमध्ये धोका दुर्मीळ होता, लक्ष ठेवलं जात होतं आणि सुचवलेल्या उपायाने फायदा किती झाला असता हेच संशयास्पद होतं. म्हणजे पारड्यात काय टाकायचं, हे या दोन केसेस मिळून शिकवतात: धोका किती वेळा उद्भवतो, किती गंभीर आहे, आधी ओळखता येतो का, आणि उपाय खरोखर किती धोका कमी करतो.

आता एक परिस्थिती घेऊ. मी रचलेली आहे, पण पेपरात येते तशीच आहे.

एका गोदामाचं छत सपाट आहे, जमिनीपासून सात मीटर. छतावर शीतकरणाची दोन युनिट्स आहेत, कडेपासून दीड मीटरवर. कडेला कठडा नाही. दर महिन्याला बाहेरच्या कंत्राटदाराचे दोन तंत्रज्ञ सर्व्हिसिंगसाठी वर जातात. तीन पर्याय दिले आहेत. युनिट्स जमिनीवर हलवायची तर ३८,००० पौंड लागतील आणि काही दिवस शीतगृह बंद ठेवावं लागेल. युनिट्सभोवती आणि जाण्याच्या वाटेवर कायमचा कठडा बसवायला ९,६०० पौंड लागतील. हार्नेस आणि अँकर पॉइंट बसवायला २,४०० पौंड. व्यवस्थापक म्हणतो: दहा वर्षांत कुणी पडलं नाही, वर जाणारी माणसं अनुभवी आहेत, यंदा कंपनी तोट्यात आहे, तेव्हा सूचनाफलक आणि रंगवलेली रेषा पुरे.

पहिलं पाऊल, कर्तव्य कोणतं? तंत्रज्ञ गोदामाच्या कंपनीचे नोकर नाहीत, म्हणून १९७४च्या कायद्याचं कलम २ नव्हे, कलम ३. नोकरीत नसलेल्या माणसांना आपल्या व्यवसायामुळे धोका पोचू नये, याची खबरदारी घेण्याचं ते कर्तव्य आहे. (कंत्राटदार स्वतःच्या माणसांना कलम २खाली जबाबदार आहेच, पण त्याने गोदामवाला सुटत नाही.) शिवाय उंचीवरच्या कामाचे २००५चे नियम आपल्या नियंत्रणाखालच्या इतर माणसांनाही, जेवढं नियंत्रण तेवढ्यापुरते, लागू होतात. त्यातल्या सहाव्या नियमाची रचना उत्तराचा सांगाडा आयताच देते: रीझनेबली प्रॅक्टिकेबल असेल तर उंचीवर काम करूच नका, करावंच लागलं तर पडणं रोखा, तेही जमत नसेल तर पडण्याचं अंतर आणि परिणाम कमी करा. सातवा नियम त्यात भर घालतो, की एकेका माणसाच्या अंगावरच्या साधनापेक्षा सगळ्यांना वाचवणाऱ्या साधनाला अग्रक्रम द्या.

दुसरं पाऊल, धोक्याचं पारडं. आकडे नाहीत असं तुम्ही म्हणता, पण परिस्थितीत भरपूर आकडे दडलेले असतात. सात मीटरवरून पडणारा माणूस बहुधा मरतो किंवा जन्माचा जायबंदी होतो, म्हणजे गांभीर्य सर्वोच्च. दोन माणसं, महिन्याला एक फेरी, म्हणजे वर्षाला २४ वेळा कुणीतरी कडेजवळ उभा राहतो. काम वाकून, हातात अवजार घेऊन, लक्ष यंत्रावर ठेवून, कधी ओल्या पृष्ठभागावर. दीड मीटर म्हणजे मागे सरकताना दोन पावलं. एवढं लिहिलंत की ‘धोका जास्त आहे’ या कोऱ्या वाक्याच्या जागी खरा धोका उभा राहतो.

‘दहा वर्षांत कुणी पडलं नाही’ या वाक्यावर थोडं रेंगाळा, कारण ते आमिष म्हणूनच प्रश्नात टाकलेलं असतं. दहा वर्षांत २४० वेळा माणूस वर गेला आणि काही झालं नाही. संख्याशास्त्रात एक ढोबळ नियम आहे: एखादी गोष्ट ‘क्ष’ वेळा करून एकदाही घटना घडली नाही, तर तिची खरी शक्यता साधारण ‘तीन भागिले क्ष’ इतकी असू शकते, हे ९५ टक्के खात्रीने नाकारता येत नाही. इथे तीन भागिले २४०, म्हणजे ८०त एक. वर्षाला २४ खेपा धरल्या, तर तीन-साडेतीन वर्षांतून एक माणूस पडेल इतका धोका असूनही दहा वर्षं कोरी जाणं अगदीच अशक्य नाही. खरा धोका एवढा असेल असं मी म्हणत नाही, बहुधा तो खूपच कमी असेल. पण स्वच्छ इतिहासातून धोका नगण्य आहे हे सिद्ध होत नाही, एवढं पक्कं. पेपरात हे गणित करायलाच हवं असं नाही. ‘खेपा थोड्या, म्हणून अपघात न होणं हा क्षीण पुरावा’ एवढं लिहिलं तरी पुरतं. कायद्याच्या बाजूने त्याला मार्शल जोडा: तिथे लपलेला दोष दुर्मीळ होता, इथे उघडी कड रोज दिसते आहे.

तिसरं पाऊल, त्यागाचं पारडं, आणि इथे वरून खाली यायचं. बहुतेक जण सूचनाफलकापासून सुरुवात करून वर चढतात आणि जिथे खर्च बोचायला लागतो तिथे थांबतात. ब्रिटनची सुरक्षा नियामक संस्था, एचएसई, याच्या उलट अपेक्षा ठेवते. सगळ्यात कमी धोक्याचा पर्याय आधी घ्या, आणि तो ग्रॉस डिस्प्रपोर्शन म्हणून नाकारता आला तरच खालच्या पायरीवर या.

सगळ्यात वर युनिट्स हलवणं. त्याने कडेचा धोकाही जातो आणि शिडी चढण्याचाही. कठड्याशी तुलना केली तर २८,४०० पौंड जास्त आणि शीतगृह बंद ठेवण्याचा खटाटोप. बदल्यात जादा फायदा काय? कठडा बसल्यावर उरणारा धोका मुख्यतः शिडीचा आणि तो तुलनेने लहान. युनिट्स नवी असतील, तर हा जादा त्याग उरलेल्या धोक्याच्या मानाने कमालीचा मोठा आहे असा युक्तिवाद टिकू शकतो. युनिट्स दोन वर्षांत बदलायचीच असतील, तर चित्र पालटतं, कारण नवी युनिट्स जमिनीवर बसवण्याचा जादा खर्च फार कमी असेल. प्रश्नात वय दिलेलं नसेल तर दोन्ही शक्यता लिहा. इथे परीक्षकाला विशिष्ट उत्तर नको असतं, तुम्ही तिथवर कसे पोचलात ते हवं असतं.

पुढचा पर्याय कठडा. ९,६०० पौंड हा एकरकमी आकडा मोठा वाटतो. तो वीस वर्षांवर पसरला तर वर्षाला ४८० पौंड, तपासणीचे सव्वाशे-दीडशे धरले तरी सहाशेच्या आसपास. वर्षाच्या २४ खेपांनी भागलं, तर एका माणसाच्या एका खेपेमागे साधारण २५ पौंड. समोरच्या पारड्यात जीव जाण्याचा धोका. या दोन्हींत ‘धोका नगण्य आणि त्याग अवाढव्य’ असं काही दिसत नाही. उलट बाजू फार तर ‘खर्च थोडा जास्त आहे’ एवढंच म्हणू शकेल आणि तेवढं पुरेसं नाही. म्हणून कठडा रीझनेबली प्रॅक्टिकेबल आहे. कठडा बसवण्याचं काम स्वतःच उंचीवरचं आहे, त्यामुळे काही माणसांना काही दिवस धोका होईल, हेही लिहा. तो धोका एकदाचा आहे आणि तात्पुरत्या व्यवस्थेने आवरता येतो. पण त्याचा उल्लेख असला की परीक्षकाला दिसतं, तुम्ही दोन्ही पारडी प्रामाणिकपणे भरली आहेत.

हार्नेसमुळे ७,२०० पौंड वाचतात, म्हणून तो पुरे का? हार्नेस प्रत्येक वेळी प्रत्येक माणसाने बरोबर अडकवला तरच उपयोगी. त्याची नियमित तपासणी हवी, प्रशिक्षण हवं, आणि कुणी लटकलाच तर त्याला लवकर खाली घ्यायची तयारी हवी. खरा वार्षिक खर्च धरला, तर दोघांतली दरी किंमतपत्रकावर दिसते तेवढी राहत नाही. त्यात सातवा नियम सामूहिक संरक्षणाला पुढे ठेवतोच. फलक आणि रंगाची रेषा यांचा तर विचार एका वाक्यात संपवा. त्यांनी पडणं रोखलं जात नाही.

राहिला तोटा. कंपनीची ऐपत तराजूत टाकायची नाही. तोच कठडा श्रीमंत कंपनीला रीझनेबली प्रॅक्टिकेबल आणि तोट्यातल्या कंपनीला नाही, असं होत नाही. उपायाचा खर्च आणि धोका यांची तुलना होते, खर्च आणि बँकेतली शिल्लक यांची नाही. आर्थिक स्थिती दंड ठरवताना पुढे येते, पण तो वेगळा प्रश्न. ‘लहान कंपनी असल्याने कमी अपेक्षा’ हे वाक्य मी अनुभवी सेफ्टी ऑफिसरांच्या उत्तरांतही वाचलं आहे, आणि दरवेळी गुण कापावे लागतात.

‘अनुभवी माणसं आहेत’ हा मुद्दाही झटकून टाकू नका. २००६च्या आर विरुद्ध एचटीएम खटल्यात अपील न्यायालयाने सांगितलं, की धोका आधी कळण्यासारखा होता का, याचा पुरावा या कसोटीत विचारात घेता येतो. रस्त्याच्या कामावर दोन कामगारांनी उंच केलेला दिव्याचा मनोरा वरच्या विजेच्या तारांना लागला होता आणि आपण प्रशिक्षण दिलं होतं असं कंपनीला सांगायचं होतं. म्हणजे प्रशिक्षण आणि अनुभव बचावात येऊ शकतात. पण आपल्या परिस्थितीत अनुभवी माणसाचा पाय घसरणं हे कळण्यासारखंच आहे, म्हणून इथे तो बचाव फार लांब जात नाही. अशा प्रकारे उलट मुद्दा घ्यायचा, त्याला त्याची केस द्यायची, आणि तथ्यांवर तो का पडतो ते सांगायचं. याला युक्तिवाद म्हणतात.

प्रत्यक्ष उत्तरातला एक परिच्छेद असा येऊ शकतो:

> ‘गोदामाच्या कंपनीवर कलम ३(१)खाली कर्तव्य आहे आणि कलम ४०नुसार अधिक करणं रीझनेबली प्रॅक्टिकेबल नव्हतं हे तिलाच सिद्ध करावं लागेल. एडवर्ड्‌सनुसार, धोक्याच्या मानाने त्याग कमालीचा मोठा असेल तरच ती सुटेल. सात मीटरवरून पडणं बहुधा प्राणघातक आहे आणि वर्षाला २४ वेळा माणूस उघड्या कडेपासून दीड मीटरवर काम करतो. कठड्याचा खर्च त्याच्या आयुष्यावर पसरला तर वर्षाला काहीशे पौंड होतो. अपघात न झाल्याचा इतिहास थोड्या खेपांचा आहे आणि कड उघड दिसते, म्हणून मार्शलचा आधार मिळणार नाही. कंपनीने हा हिशेब आधी मांडल्याचा कोणताही पुरावा नाही. त्यामुळे कठडा न बसवणं हा कर्तव्यभंग ठरेल.’

यात कोणतंही वाक्य नुसती व्याख्या सांगत नाही. प्रत्येक नियमामागे लगेच परिस्थितीतलं तथ्य येतं. तुमचा जुना पेपर काढा आणि प्रत्येक केसच्या नावापुढे परिस्थितीतला एखादा तपशील आहे का ते पाहा. नसेल, तिथेच तो शेरा आलेला असेल.

‘ग्रॉस’ म्हणजे किती पट, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. कायद्यात किंवा निकालांत ठरलेला आकडा नाही. एचएसईने आपल्या मार्गदर्शनात सायझवेल बी अणुवीज केंद्राच्या चौकशीत वापरलेले गुणक दिले आहेत: जनतेला होणाऱ्या कमी धोक्यासाठी दोन, कामगारांच्या धोक्यासाठी तीनपर्यंत, मोठ्या धोक्यासाठी दहा. एचएसई ते नियम म्हणून लादत नाही. त्यातून घ्यायचं ते एवढंच, की धोका जितका मोठा, तितकी जास्त तफावत दाखवावी लागते. पेपरात ‘दहापट झालं की ग्रॉस’ असं लिहू नका, तो कायदा नाही.

आणखी एक. रोजच्या बहुतेक परिस्थितींत तराजू काढण्याआधीच उत्तर सापडलेलं असतं, कारण त्या धोक्यासाठी प्रस्थापित चांगली पद्धत असते. मंजूर आचारसंहिता असेल आणि ती पाळली नसेल, तर १९७४च्या कायद्याच्या कलम १७नुसार फौजदारी खटल्यात ते आरोपीच्या विरोधात जातं. कर्तव्य आपण दुसऱ्या मार्गाने पाळलं, हे त्याला दाखवावं लागतं. त्यामुळे परिस्थितीत ‘या उद्योगात सर्वत्र कठडे असतात’ असा उल्लेख आला, तर आधी तो वापरा, मग तराजू. आणि कठडा आधीपासून असून देखभालीचा खर्च वाचवायला कंपनी तो काढू पाहत असेल, तर आता बसवायला किती खर्च येईल हा हिशेब तिथे चालत नाही, कारण तो खर्च आधीच झालेला आहे. अशा उलट्या युक्तिवादाला एचएसई दाद देत नाही.

प्रश्नात तुम्हाला कंपनीचा बचाव लिहायला सांगितला असेल, तर हेच सगळं दुसऱ्या टोकाने लिहा. जोखीम मूल्यांकन अपघाताआधीच्या तारखेचं आहे का, त्यात नेमका हाच धोका आणि नाकारलेला पर्याय नोंदवलेला आहे का, आणि नाकारण्याचं कारण त्या वेळी काय लिहिलं होतं. ही नोंद असेल तर मार्शलच्या वाटेने जा. नसेल, तर बचाव लिहितानाही एडवर्ड्‌स आड येते हे मान्य करा आणि युक्तिवाद उपायाच्या परिणामकारकतेवर न्या: सुचवलेल्या साधनाने हा अपघात टळलाच असता का, याच मुद्द्याने गॉथम कंपनीला हात दिला होता.